तीन आठवड्यांचं लुकअहेड: साइटवर नव्याने आलेल्यांसाठी, एका स्लॅबच्या उदाहरणासकट

साइटवर नवीन जॉइन झालात की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी सांगतं की लुकअहेड बनवून दे, आणि मग बहुतेक जण काय करतात तर मोठा बारचार्ट उघडतात, त्यातले पुढचे तीन आठवडे कापतात, थोडे रंग बदलतात आणि प्रिंट काढून ऑफिसच्या भिंतीला लावतात. ते लुकअहेड नाही, तो त्याच बारचार्टचा झूम केलेला फोटो आहे. त्यातून एवढंच कळतं की काय व्हायला हवं. ते होऊ शकतं का, नसेल तर कशामुळे अडलंय, आणि तो अडथळा कोण कधीपर्यंत काढणार, हे सांगतं ते लुकअहेड.

ही पद्धत १९९०च्या दशकात ग्लेन बॅलर्ड आणि ग्रेग हॉवेल या दोन अभ्यासकांनी मांडली, तिला लास्ट प्लॅनर म्हणतात. त्यांनी साइटवरची आठवड्याची कामं मोजली तेव्हा ठरवलेल्या कामांपैकी साधारण निम्मीच त्या आठवड्यात पूर्ण होत होती, आणि ती सुद्धा बऱ्या चालणाऱ्या साइट होत्या. बाकीची कामं माणसं आळशी म्हणून राहत नव्हती, कामाला लागायची वेळ आली तेव्हा काहीतरी हाताशी नव्हतं म्हणून राहत होती. म्हणजे उशीर कामात कमी आणि कामाच्या आधी जास्त होतो, आणि आधीचा उशीर आधीच दिसू शकतो. सगळी पद्धत या एवढ्याच गोष्टीवर उभी आहे.

खाली एक उदाहरण घेऊन सगळं सांगतो. एक चार मजली बिल्डिंग, दुसऱ्या मजल्याचा स्लॅब भरायचाय, ३०० चौरस मीटर, जाडी १२५ मिलीमीटर, बीम धरून काँक्रीट साधारण ५५ घनमीटर, स्टील ५ टन. आठवडा सहा दिवसांचा, रविवार सुट्टी. आजपासून तिसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी काँक्रीट, असं मोठं शेड्यूल म्हणतंय. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या साइटचे तुमच्या मुकादमाकडून घ्या.

पायरी १: शेवटापासून मागे या

नवीन माणूस सोमवारपासून पुढे पुढे लिहीत जातो आणि गुरुवारपर्यंत कसंबसं बसवतो. उलटं करा. गुरुवारी काँक्रीट, म्हणजे बुधवारी तपासणी आणि सही, म्हणजे मंगळवारी संध्याकाळी वरची जाळी, चेअर, कव्हर ब्लॉक, इलेक्ट्रिकचे पाइप सगळं संपलेलं हवं. स्टील ५ टन, पाच जोड्या आहेत, एक जोडी दिवसाला कापून, वाकवून, बांधून साधारण २०० किलो करते, म्हणजे दिवसाला एक टन, म्हणजे पाच दिवस. ते दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी सुरू होऊन तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी संपतं, आणि मंगळवार पाइप आणि वरच्या किरकोळ कामाला राहतो.

आता सेंट्रिंग. स्लॅबचा तळ ३०० आणि बीमच्या बाजू १५०, मिळून ४५० चौरस मीटर धरा. सुतारांच्या सहा जोड्या, एक जोडी दिवसाला १०, म्हणजे दिवसाला ६०, म्हणजे साडेसात दिवस. पहिल्या आठवड्याच्या बुधवारी सुरू केलं तर दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी दुपारी संपतं. स्टीलवाले बुधवारी एका टोकाला चढतील तेव्हा सुतार दुसऱ्या टोकाला असतील, त्यामुळे कुठल्या ग्रिडपासून सुरू करायचं हे दोन्ही मुकादमांना एकत्र बसवून ठरवा. हे राहिलं तर कागदावर सगळं बरोबर असतं आणि साइटवर स्टीलवाले अर्धा दिवस सुतारांचं तोंड बघत बसतात.

मागे येताना काम किती बारीक करायचं हा प्रश्न येतोच. मोठ्या शेड्यूलमध्ये 'दुसरा स्लॅब, १४ दिवस' अशी एकच ओळ असते, ती लुकअहेडमध्ये चालत नाही. एक गँग, एक जागा, एक-दोन दिवसांपासून आठवड्यापर्यंतचं काम, इतपत तुकडे करा. त्याहून बारीक केलंत तर शीट सांभाळायलाच एक माणूस लागेल, आणि तो माणूस बहुतेक तुम्हीच असाल.

पायरी २: प्रत्येक कामाला सात प्रश्न विचारा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका इथेच लोक घाई करतात. लॉरी कोस्केला या अभ्यासकाने बांधकामाचं कुठलंही काम सुरू व्हायला लागणाऱ्या सात गोष्टी मांडल्या होत्या, त्या साइटच्या भाषेत अशा: ड्रॉइंग आणि माहिती आहे का, माल आहे का, माणसं आहेत का, मशीन आहे का, जागा मोकळी आहे का, आधीचं काम झालंय का, आणि बाहेरचं काही आडवं येतंय का, म्हणजे हवामान, परवानगी, तपासणी वगैरे.

सातही प्रश्न प्रत्येक ओळीला विचारायचे, आणि 'हो' म्हणण्याआधी डोळ्याने बघायचं. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये १० मिलीमीटरची सळई दिसते म्हणून 'माल आहे' असं लिहू नका, यार्डात जा आणि मोजा, कारण रजिस्टरमधली सळई बऱ्याचदा मागच्याच आठवड्यात कॉलममध्ये गेलेली असते. ड्रॉइंगचंही तसंच, फाइलला आहे म्हणजे आहे असं नाही, ते शेवटचं रिव्हिजन आहे का आणि स्ट्रक्चरल आणि आर्किटेक्टचं एकमेकांशी जुळतं का हे बघावं लागतं.

आपल्या स्लॅबला हे सात प्रश्न लावले तर काय सापडतं बघा.

सेंट्रिंगच्या प्लेट साइटवर २५० चौरस मीटर आहेत, लागणार ४५०. उरलेल्या २०० खालच्या स्लॅबला लागलेल्या आहेत. बुधवारपासून शनिवारपर्यंत चार दिवसांत २४० लागतील, म्हणजे शनिवारी संध्याकाळी तुमच्याकडे फक्त १० चौरस मीटर उरेल. सोमवारी सकाळी सहा जोड्यांना दिवसभराचं काम द्यायचं असेल तर खालच्या प्लेट शनिवारीच निघायला हव्यात, कारण काढणं, साफ करणं, तेल लावणं, वर चढवणं याला एक दिवस जातो. आणि शनिवारी काढायच्या तर डिझायनरची लेखी परवानगी शुक्रवारपर्यंत हवी, त्यासाठी क्यूबचा रिझल्ट त्याच्याकडे गुरुवारपर्यंत जायला हवा. शिवाय वरच्या ओल्या काँक्रीटचं वजन खालच्या स्लॅबवर येणार असतं, त्यामुळे प्लेट निघाल्या तरी किती प्रॉप मागे ठेवायचे ते डिझायनरच सांगणार, म्हणजे प्रॉपचा हिशेब वेगळा करावा लागेल. बारचार्टवर या सगळ्याचा मागमूसही नसतो, तिथे फक्त 'सेंट्रिंग' अशी निळी पट्टी असते.

दुसरं, टॉयलेटच्या संक स्लॅबची खोली. प्लंबिंगवाला म्हणतोय वाढवा, आर्किटेक्ट म्हणतोय बघतो, आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये जुनीच खोली आहे. टॉयलेटचा भाग सुतार सोमवारी धरणार, म्हणजे उत्तर पहिल्या आठवड्याच्या शनिवारपर्यंत हवं.

तिसरं, १० मिलीमीटरची सळई कमी आहे, ऑर्डर दिल्यापासून यायला चार दिवस, टेस्टचे दोन-तीन दिवस वेगळे. चौथं, इलेक्ट्रिशियनचे फॅन बॉक्स अजून आलेले नाहीत. पाचवं, काँक्रीट पंप, त्या गुरुवारी तो दुसऱ्या साइटला बुक आहे की नाही हे कुणीच विचारलेलं नाही.

पाच अडथळे, आणि सगळे आज दिसतायत, काम सुरू व्हायच्या आधी. तीन आठवडेच का, याचं उत्तरही इथेच आहे. साइटवरून हलवता येणाऱ्या बहुतेक गोष्टी दोन-तीन आठवड्यांत हलतात. ज्याला दोन महिने लागतात, लिफ्ट किंवा खास खिडक्या वगैरे, ते इथे टाकून उपयोग नाही, ते मोठ्या शेड्यूलमध्ये आणि खरेदीच्या यादीत आधीच असायला हवं. काही मोठ्या साइटवर सहा आठवड्यांचं करतात, कारण त्यांच्या ड्रॉइंग मंजुरीला आणि मालाला तेवढा वेळ लागतो. तुमच्याकडे नेहमीच्या अडथळ्यांपैकी सगळ्यात लांबच्याला किती दिवस लागतात ते बघा, लुकअहेडची मुदत त्याहून थोडी मोठी ठेवा.

पायरी ३: अडथळ्याची वेगळी यादी, एक माणूस, एक तारीख

अडथळे बारचार्टच्या कोपऱ्यात शेरा म्हणून लिहू नका, तिथे ते मरतात. वेगळं शीट करा, कॉलम फार नकोत: काय अडलंय, कुठलं काम अडलंय, काम कधी सुरू होणार, अडथळा कधीपर्यंत सुटायला हवा, कोण सोडवणार, आणि त्याने स्वतः कुठली तारीख दिलीय. आपल्या उदाहरणातल्या दोन ओळी अशा दिसतील:

खालच्या स्लॅबच्या प्लेट काढायची लेखी परवानगी आणि मागे ठेवायच्या प्रॉपची संख्या. अडलेलं काम: सोमवारपासूनची सेंट्रिंग. हवं: पहिला आठवडा, शुक्रवार दुपार. कोण: क्वालिटी इंजिनिअर. त्याने दिलेली तारीख: शुक्रवार सकाळ.

संक स्लॅबची खोली, सही केलेल्या ड्रॉइंगवर. अडलेलं काम: टॉयलेटची सेंट्रिंग. हवं: पहिला आठवडा, शनिवार. कोण: प्लॅनिंगचा इंजिनिअर, आर्किटेक्टकडून आणणार. त्याने दिलेली तारीख: शनिवार.

'कोण' या रकान्यात डिपार्टमेंट लिहायचं नाही. 'पर्चेस' लिहिलं की कुणीच करत नाही, 'आर्किटेक्ट' लिहिलं तरी तेच, कारण आर्किटेक्ट तुमच्या मीटिंगला नसतो. साइटवरचा, मीटिंगला बसणारा, नाव घेऊन विचारता येईल असा माणूस हवा, त्याने बाहेरच्याकडून काम करून आणायचं.

आणि 'हवं ती तारीख' ही काम सुरू व्हायच्या सकाळची नसते. स्टील बुधवारी लागणार म्हणून ट्रक बुधवारी आला तर उतरवून घेण्यात, टेस्टचा कागद बघण्यात आणि कापण्यातच दिवस जातो, बांधायला गुरुवार उजाडतो. एक-दोन दिवस मागे धरा, मालाला थोडं जास्त.

ज्याची 'हवं ती' तारीख आणि 'दिलेली' तारीख जुळत नाही ती ओळ लाल. उदाहरणार्थ पंपवाला म्हणाला गुरुवार नाही, शुक्रवारी देतो. हे तीन आठवडे आधी कळलं तर दुसरा पंप शोधता येतो किंवा काँक्रीट शुक्रवारी धरता येतं. आदल्या दिवशी कळलं तर भांडण होतं. रोज सकाळी सगळं शीट वाचायची गरज नाही, फक्त लाल ओळी आणि या दोन दिवसांत सुटायच्या ओळी बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

माझा अनुभव असा की पहिल्यांदा ही यादी केली की ती भयंकर लांब होते आणि प्रोजेक्ट मॅनेजर वैतागतो, त्याला वाटतं हा मुलगा फक्त प्रॉब्लेम घेऊन येतो. त्यावर उपाय एकच, यादी नेताना आधी ज्या तुमच्या पातळीवर सुटतात त्या सोडवा किंवा माणूस लावून टाका, वर फक्त ज्यांना त्याच्या फोनची गरज आहे त्या तीन-चार न्या.

पायरी ४: आठवड्याचा शब्द

लुकअहेडमधला पहिला आठवडा म्हणजे पुढच्या सोमवारपासूनचा आठवडा, त्याचे नियम वेगळे आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अडथळे असलेली कामं असू शकतात, ती तिथे असतात म्हणूनच सोडवायला वेळ मिळतो. पण येत्या आठवड्यात फक्त मोकळी झालेली कामं घ्यायची. अडथळा सुटला नाही तर ते काम आत येत नाही, शेड्यूल काहीही म्हणो.

हे ऐकायला सोपं आहे पण पचायला जड जातं, कारण वरून दबाव असतो की सुरू तर करा, बाकीचं येईल. सुरू केलेलं अर्धवट काम महाग पडतं, गँग एकदा चढते, अडकते, उतरते, दुसरीकडे लावावी लागते, परत आणताना ती मिळत नाही, आणि मध्ये जे केलेलं असतं ते ड्रॉइंग बदलल्यावर फोडायला लागतं.

शनिवारी दुपारी चारला मीटिंग ठेवा, चाळीस मिनिटांच्या आत संपवा. कोण कोण हवं? सेंट्रिंगचा मुकादम, स्टीलचा मुकादम, इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंगचा सुपरवायझर, गवंड्यांचा ठेकेदार किंवा त्याचा माणूस, स्टोअर, आणि तुम्ही. ठेकेदाराचा मालक आला आणि मुकादम आला नाही तर अर्धा फायदा गेला, कारण कुठली जोडी मंगळवारी गावाला जाणार आहे हे मुकादमालाच माहीत असतं.

शब्द कसा घ्यायचा ते नीट समजून घ्या. मुकादमाला विचारलं, "काका, सेंट्रिंग होईल ना पुढच्या आठवड्यात?" तर उत्तर ठरलेलं आहे, "होऊन जाईल साहेब." हे उत्तर कागदावर लिहायच्या लायकीचं नाही. असं विचारा:

"काका, राहिलेलं २१० मीटर आहे, सी ग्रिडपासून एफपर्यंत. किती जोड्या असतील?"

"सहा."

"सहाही आठवडाभर? कुणी जाणार नाही ना?"

"दोन जोड्या मंगळवारपासून दुसऱ्या साइटला मागितल्यात, बघू."

"मग चार जोड्यांत गुरुवारी संपेल का?"

"नाही संपणार. शुक्रवार दुपार धरा."

बघा, दोन प्रश्न जास्त विचारले आणि एक दिवसाचा उशीर शनिवारीच सापडला. आता एकतर त्या जोड्या थांबवायच्या, त्यासाठी ठेकेदाराला आत्ता फोन करायचा, नाहीतर शुक्रवार लिहायचा. शब्दात चार गोष्टी असल्या पाहिजेत: कुठे, किती, कोण, कधीपर्यंत. आणि 'झालं' म्हणजे काय तेही ठरलेलं असू दे, सेंट्रिंग झालं म्हणजे प्लेट ठोकल्या की लेव्हल चेक होऊन गॅप बुजवले, यावरून पुढे वाद होतात.

मुकादमाला 'नाही' म्हणता आलं पाहिजे. तो नाही म्हणाला की लगेच कुणी आवाज चढवला तर पुढच्या शनिवारपासून तो सगळ्यालाच हो म्हणेल, आणि तुमचं शीट परत पहिल्यासारखं खोटं होईल. त्याने नाही म्हटलं तर विचारायचं, काय मिळालं तर हो म्हणशील? बहुतेक वेळा उत्तरात एक नवीन अडथळा सापडतो, तो यादीत जातो.

दोन-तीन मोकळी पण घाई नसलेली कामं बाजूला ठेवा, तळमजल्याची ब्लॉकची भिंत, जिन्याचं स्टील कापून ठेवणं, अशी. मुख्य काम अडलं तर गँग तिकडे जाते. फक्त ती कामं पण खरोखर मोकळी असली पाहिजेत, आणि स्लॅबच्या वाटेत अडचण करणारी नकोत.

पायरी ५: शनिवारी मोजा, हो किंवा नाही

आपल्या स्लॅबच्या दुसऱ्या आठवड्याचं सांगतो. सुरुवातीला बरं चाललं, प्लेटची परवानगी शुक्रवारी आली, शनिवारी प्लेट निघाल्या, सोमवारी सहा जोड्या कामाला लागल्या. मुकादमाच्या दोन जोड्यांबद्दल ठेकेदाराला फोन झाला, तो म्हणाला थांबवतो, म्हणून शब्द गुरुवारचाच लिहिला. एकूण नऊ कामांचा शब्द घेतला होता. शनिवारी बसल्यावर सहा पूर्ण, तीन नाही.

टक्केवारी सोपी आहे, पूर्ण झालेली भागिले ठरवलेली गुणिले शंभर, म्हणजे ६ भागिले ९, ६७ टक्के. याला पीपीसी, म्हणजे पर्सेंट प्लॅन कंप्लीट म्हणतात. इथे ९० टक्के झालेलं काम म्हणजे 'नाही'. हे कठोर वाटतं पण मागून येणाऱ्या गँगच्या दृष्टीने बघा, ९० टक्के सेंट्रिंगवर स्टीलवाला त्या उरलेल्या भागात काही बांधू शकत नाही आणि तपासणीवाला सही करू शकत नाही. एकदा का अर्ध्याला अर्धे मार्क द्यायला लागलात की सगळं ८० टक्क्यांवर जाऊन बसतं आणि आकड्याला अर्थ उरत नाही.

राहिलेली तीन अशी. एक, राहिलेली सेंट्रिंग: दोन जोड्या शेवटी मंगळवारी गेल्याच, सोमवारी ६० झालं, पुढचे तीन दिवस ४०-४०, गुरुवारी संध्याकाळी १८०, उरलेलं ३० शुक्रवारी दुपारी संपलं. दोन, टॉयलेटची सेंट्रिंग: ड्रॉइंग शनिवारऐवजी बुधवारी आलं. खरं तर शनिवारी हा अडथळा सुटलेला नव्हता, तरी 'सोमवारी सकाळी येईलच' म्हणून ते काम आत घेतलं होतं, म्हणजे नियम मोडला होता. तीन, पाइपचं काम: फॅन बॉक्स आले, पण चुकीच्या डेप्थचे.

आता प्रत्येकाचं कारण लिहायचं, आणि एक पातळी खाली जायचं. 'माणसं कमी' हे कारण नाही, ते लक्षण आहे. जोड्या का गेल्या? ठेकेदाराने दुसऱ्या साइटला शब्द दिला होता आणि आपल्याला हो म्हणताना ते सांगितलं नाही. मग पुढच्या वेळी माणसांचा शब्द घेताना मुकादमाचं आणि ठेकेदाराचं उत्तर वेगळं आलं तर कमी आकडा धरायचा, असं ठरलं. ड्रॉइंग का उशिरा आलं? विचारणा ग्रुपवर मेसेज टाकून केली होती, त्यात 'शनिवारपर्यंत हवं, नाहीतर टॉयलेटचं काम थांबेल' असं कुठेच नव्हतं, त्यामुळे आर्किटेक्टच्या ऑफिसने ते आपल्या रांगेत ठेवलं. उपाय, विचारणा लेखी, त्यात हवी ती तारीख आणि अडणारं काम. बॉक्सचं? ऑर्डर देताना स्लॅबची जाडी सांगितली नव्हती. उपाय, ऑर्डरला ड्रॉइंगची प्रत जोडायची.

उपाय एवढेच छोटे असतात. 'समन्वय वाढवावा' असं कुणी लिहिलं तर खोडून टाका, त्यावर सोमवारी सकाळी कुणी काय करायचं ते कळत नाही.

आणि स्लॅबचं काय झालं? सेंट्रिंग एक दिवस मागे, टॉयलेटचा भाग आणि पाइप त्यामागे, म्हणून शनिवारीच काँक्रीट गुरुवारवरून शुक्रवारवर ढकललं. प्लँटला आणि पंपवाल्याला पाच-सहा दिवस आधी कळवलं, त्यांनी बदलून दिलं. स्टीलच्या पाच जोड्यांपैकी दोन जोड्यांना सोमवारी जिन्याचं स्टील कापायला लावलं. एक दिवस गेला हे खरंच, ते लपवण्यात अर्थ नाही. पण फक्त एकच दिवस गेला, गुरुवारी सकाळी पंप उभा आणि तपासणीवाला सही करत नाही असा प्रकार झाला नाही, काँक्रीट गाडीत घट्ट होत बसलं नाही.

आकडा बघताना काय भुलवतं

पीपीसी ८० च्या आसपास टिकला तर शब्द बऱ्यापैकी भरवशाचे आहेत असं समजा. सलग १०० आला तर खूश होऊ नका, बहुतेक वेळा मुकादमांनी सोपं सोपं उचललेलं असतं किंवा 'झालं' ची व्याख्या सैल झालेली असते. आणि जर ठेकेदाराचं बिल किंवा कुणाचं अप्रेझल या आकड्याला जोडलं तर हे नक्की होणार, म्हणून तो शिकण्यापुरता ठेवा, दंडाला लावू नका.

दुसरी गंमत म्हणजे पीपीसी ९० आणि तरी प्रोजेक्ट मागे पडतोय. हे होतं, कारण आकडा फक्त एवढंच सांगतो की जे घेतलं ते झालं का. जे घ्यायला हवं होतं ते घेतलं का, हे तो सांगत नाही. त्यासाठी अजून एक साधी मोजणी ठेवा: तीन आठवड्यांपूर्वी लुकअहेडमध्ये या आठवड्यासाठी लिहिलेल्या कामांपैकी किती कामं वेळेवर मोकळी होऊन आठवड्यात आत आली. तिकडे आकडा कमी आणि पीपीसी जास्त असेल तर गँग चांगली चालतेय, अडथळे सोडवणारे मागे आहेत, म्हणजे बहुतेक ऑफिस, पर्चेस, ड्रॉइंग. हे मीटिंगमध्ये दाखवलं की मुकादमांचा तुमच्यावरचा विश्वास एकदम वाढतो, कारण पहिल्यांदाच कुणीतरी सगळं त्यांच्या माथी मारत नाहीये.

पावसाचं वेगळं सांगतो. अंदाज चार-पाच दिवसांपलीकडे फारसा धरता येत नाही, म्हणून तिसऱ्या आठवड्यात पावसावर डोकं खपवू नका, फक्त उघड्यावरच्या कामांवर खूण करा. येत्या आठवड्याचा शब्द घेताना मात्र अंदाज बघा आणि त्या कामासोबत आतलं एक मोकळं काम जोडून ठेवा. पावसाने राहिलेलं काम सुद्धा मोजताना 'नाही' च, कारणात पाऊस लिहा. महिनाभराने मोजलंत की कळेल पाऊस किती वेळा खरा होता आणि किती वेळा ताडपत्री नव्हती.

सुरू कसं करायचं

सगळ्या साइटला एकदम लावू नका. एक भाग घ्या, एखादा स्लॅब किंवा एका मजल्याचं फिनिशिंग, आणि एक्सेलचं एक शीट पुरे, सॉफ्टवेअर नंतर बघू. पहिल्या आठवड्यात नुसती अडथळ्यांची यादी करा आणि पीपीसी मोजा, काही बदलायला जाऊ नका, आकडा ४०-५० आला तरी घाबरू नका आणि कुणाला दाखवून बदनामही करू नका. दुसऱ्या आठवड्यापासून 'मोकळं नाही ते आत नाही' हा नियम लावा. तिसऱ्यापासून कारणांची मोजणी सुरू करा, कुठलं कारण सगळ्यात जास्त वेळा येतंय ते बघा आणि फक्त त्या एकावर काम करा.

दर शनिवारी मीटिंग संपली की संपलेला आठवडा शीटवरून काढा, फाइलला ठेवा, मागून एक नवीन आठवडा जोडा आणि त्या नवीन आठवड्याच्या कामांना तेव्हाच सात प्रश्न विचारा, सोमवारवर ठेवू नका, कारण सोमवारी सकाळी साडेआठला कुणीतरी येऊन सांगणार असतं की पाण्याचा टँकर आला नाही आणि मग दिवसभर शीट उघडायला वेळ मिळत नाही.